ड्रोन खाली उतरवा, गाठोडं दाखवा

चकलांबा आणि गेवराई तालुक्यातल्या आसपासच्या गावांत मोबाईलवर शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरापोरींना, आणि जत्रेत किंवा शाळेच्या गॅदरिंगला एकांकिका बसवणाऱ्या मंडळींना हे सांगणं आहे. तुमच्या गोष्टी चांगल्या असतात. पण त्या सुरू व्हायला फार वेळ लावतात. आधी वरून गाव दिसतं. मग देवळाचा कळस, घंटा, पाणी शेंदणारी बाई, कोंबडा. त्यावर जाड आवाजात निवेदन येतं की हे आमचं छोटंसं गाव. मग नायक झोपेतून उठतो, दात घासतो, आई चहा देते. गोष्ट म्हणावी असं पहिलं वाक्य येतं तेव्हा तिसरं मिनिट लागलेलं असतं आणि बघणारा अंगठ्यानं पुढं सरकलेला असतो.

पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला चार गोष्टी कळाव्या लागतात. ही गोष्ट कुणाची, ती कुठल्या जगात घडते, ती कशा मनानं बघायची, आणि आता पुढं काय होणार. या चार गोष्टींसाठी चार वेगळे प्रसंग करायचे नसतात. तसं करायला गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं आणि सगळं माहितीपत्रकासारखं होतं. एकच काम शोधायचं. तुमच्या माणसाला या क्षणी काहीतरी हवंय, आणि त्याच्या आड नेमकी याच गावातली एखादी गोष्ट येते आहे, असं काम. माणूस त्याच्या हट्टातून कळतो, गाव अडथळ्यातून कळतं, आणि तो अडथळा तुम्ही कसा दाखवता त्यावरून प्रेक्षक ठरवतो की इथं हसायचं, का जपून बसायचं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ला प्रदर्शित झाला. सुरुवातीला जब्या हातात गलोल घेऊन काटेरी झुडपांतून एका काळ्या चिमणीच्या मागं लागलेला दिसतो. तो कोण, कुठल्या घरातला, शाळेत जातो की नाही, हे त्या क्षणी कुणी सांगत नाही. ती चिमणी त्याला कशासाठी पाहिजे हेही नंतर कळतं, की तिची राख शालूवर टाकली तर शालू वश होईल असं त्याच्या डोक्यात बसलंय. सुरुवातीला आपल्याला एवढंच दिसतं की या पोराला ते पाखरू हवंय आणि ते हाताला लागत नाही. तेवढ्यात बाभळी दिसतात, रखरखीत रान दिसतं, पोराचे कपडे दिसतात, त्याची नजर कळते. रान दाखवायला वेगळा शॉट लागत नाही, कारण पाखराच्या मागं जाताना रान आपोआप दिसतं. आणि हातातली गलोलही उगाच नाही. दगड नेम धरून फेकणारं पोरगं आपण सुरुवातीलाच बघितलेलं असतं, म्हणून शेवटी जब्या दगड भिरकावतो तेव्हा तो अचानक आल्यासारखा वाटत नाही.

याच दिग्दर्शकाचा ‘सैराट’ (२०१६) अगदी वेगळ्या सुरात सुरू होतो. गावात क्रिकेटचा सामना रंगलाय, माईकवरून कॉमेंट्री चाललीय, पोरं चेकाळलीत. आपण खुर्चीत सैल होऊन बसतो. पण ज्या पुढाऱ्याच्या दबदब्याखाली पुढची सगळी गोष्ट घडणार, तोही त्याच सामन्याच्या निमित्तानं मानपान घेत समोर येऊन जातो. प्रेक्षक हसत असतो, म्हणून त्याला ते खटकत नाही. सूर हलका ठेवून जड वस्तू आत आणायची ही रीत शिकण्यासारखी आहे. उलट गंभीर विषय म्हणून पहिल्या सेकंदापासून सारंगी आणि अश्रू लावले, तर पुढं वाढवायला जागाच उरत नाही. आपल्या भागातल्या फिल्म्समध्ये हे फार होतं. विषय दुष्काळाचा असला की पहिल्याच शॉटला भेगाळलेली जमीन आणि आलाप! पंधरा मिनिटं एकाच पट्टीत रडायचं म्हणजे प्रेक्षकानंही किती रडायचं?

नाटकवाल्यांनी विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची सुरुवात पुन्हा वाचावी. डिसेंबर १९६७मध्ये ‘रंगायन’नं हे नाटक केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि बेणारेबाई झाल्या सुलभा देशपांडे. पडदा उघडतो तो एका गावातल्या रिकाम्या सभागृहात. मुंबईहून आलेल्या मंडळींचा खेळ संध्याकाळी तिथं व्हायचाय. बेणारेबाई बाकीच्यांच्या पुढं येऊन पोचल्यात आणि सोबत गावातला सामंत आहे. दाराच्या कडीत तिचं बोट चेमटलंय. सामंत कडीची खोड समजावून सांगतो, की नीट सरकवली नाही तर दार ओढताच माणूस आत अडकून पडतो. बस, एवढंच. खर्च एका कडीचा. पण त्यात बाई किती मोकळी, किती बोलकी आहे ते कळतं. गावचं सभागृह कळतं, सामंताचा साधेपणा कळतो. नाटकाचा सूरही लागतो, वरून थट्टामस्करी आणि आत कुठंतरी टोचणारं काहीतरी. पुढं खेळातला खटला तिच्यावरच उलटतो आणि ती बाहेर पडायला दाराकडे जाते, तेव्हा दार उघडत नाही. तोवर प्रेक्षक ती कडी विसरलेला असतो, पण त्याला ती नव्यानं समजावून सांगावी लागत नाही.

आता आपल्या गावचं काम करू. समजा तुम्हाला बारा मिनिटांची फिल्म करायचीय. विषय ऊसतोडीचा, कारण दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून बिऱ्हाडं कारखान्यांकडे निघतात आणि हे तुमच्याइतकं जवळून कुणी बघितलेलं नाही. गोष्ट अशी की आठवीतल्या रेखाला गावात आजीजवळ राहून शाळा करायचीय. आई-बापाला ती सोबत हवीय, कारण दोघं फडात गेल्यावर कोपीवर धाकट्या भावाला बघणार कोण? आई-बाप वाईट नाहीत. ही गोष्ट नीट लिहिली तर त्यांचीही बाजू पटते.

पहिला खर्डा बहुतेक जण असा लिहितील. वरून गाव. निवेदन, की दरवर्षी लाखो मजूर वगैरे. पहाट. रेखा अभ्यास करतेय, भिंतीवर सावित्रीबाईंचा फोटो. आई चुलीपाशी. बाप म्हणतो, उद्या मुकादम येणार, बांधाबांध करा. रेखाच्या डोळ्यांत पाणी. दोन मिनिटं संपली. यात खोटं काही नाही, पण रेखा इथं काहीच करत नाही. तिच्याबद्दल सांगितलं जातंय आणि ती बसून ऐकतेय. आणि शिकायचंय म्हणणारी पोर अभ्यास करताना दाखवली की ती कुठलीही पोर होते, चकलांब्याची रेखा होत नाही.

दुसऱ्या खर्ड्यात गोष्ट आदल्या दिवसावरून उचलून थेट निघायच्या घटकेवर आणू. दारात ट्रॅक्टर उभा आहे, ट्रॉली भरली जातेय. रेखाला काय हवंय? राहायचंय. पण “मला राहायचंय” हे वाक्य तिनं म्हणायचं नाही. तिनं ते हातानं करायचं. तिच्या कपड्यांचं एक गाठोडं आहे. आई ते ट्रॉलीत टाकते आणि रेखा ते गुपचूप काढते. एवढ्या एका कामावर आपण दोन मिनिटं उभी करू.

पहिली १२ सेकंदं. ट्रॉलीच्या फळीवर दोन हात एक लुगड्याचं गाठोडं ठेवतात आणि निघून जातात. हात बांगड्यांचे, कामाचे, नखांत माती. क्षणभर काही नाही. मग फळीच्या पलीकडून दोन लहान हात वर येतात, गाठोड्याची गाठ धरतात आणि ते ओढून खाली नेतात. चेहरा कुणाचाच दिसत नाही. बघणाऱ्याला पहिला प्रश्न इथंच पडतो, आणि थोडं हसूही येतं. ते हसू आपल्याला पाहिजे आहे.

पुढची २० सेकंदं. आता कॅमेरा मागं घ्या. अंगण दिसू दे. पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, ताडपत्रीची गुंडाळी, पाण्याचा ड्रम, पाय बांधलेली कोंबडी, आणि फडक्यात गुंडाळलेले कोयते. हे सामान कॅमेऱ्यानं एकेक करून दाखवायचं नाही. रेखा गाठोडं छातीशी धरून या सामानाच्या आडून घराकडे निघालीय, वाकत, थांबत. ती जिथून जाईल तिथलं सामान दिसेल. पाच महिन्यांचा संसार एका ट्रॉलीत मावतो हे कुणी बोललं नाही, पण दिसलं. दारात आजी बसलीय. रेखा तिच्या शेजारून आत जाते, रिकाम्या हातानं बाहेर येते. आजी बघते. बोलत नाही.

मग मुकादम. याला साधारण ३० सेकंद द्या, कारण जग इथं कळणार आहे. त्याच्या हातात वही. अंगणात दोन-तीन जोडपी उभी आहेत. तो नवरा-बायकोकडे बोट करतो आणि वहीत एक रेघ मारतो. दुसऱ्या जोडप्याकडे बोट, एक रेघ. दोन माणसं मिळून एक कोयता धरतात हे मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला माहीत नसतं, पण त्यासाठी त्याला समजावत बसू नका. दोन माणसं आणि एक रेघ असं दोनदा दिसलं की त्याला उमगतं. संवाद एवढाच:

“कोयते किती झाले?”

“तीन, मुकादम. आमचा धरून.”

मुकादमाचं बोट रेखावर थांबतं. “अन् ही?”

आई उत्तर देते, पोतं उचलता उचलता. “ही बारक्याला संभाळायला.”

मुकादम वहीत काही लिहीत नाही.

आईचं वाक्य फक्त तीन शब्दांचं आहे आणि त्यात सगळा पेच आलाय. ती ते रागानं किंवा दुःखानं म्हणत नाही. रोजचं आहे म्हणून म्हणते. हाच या फिल्मचा सूर आहे. इथं मागं संगीत टाकलंत तर वाक्य मेलं म्हणून समजा.

नंतरची २५ सेकंदं. आईला घरात गाठोडं सापडतं. ती काही न बोलता आणून पुन्हा ट्रॉलीत टाकते, वरून पेटी ठेवते. रेखा दुसऱ्या बाजूनं ओढायला बघते, निघत नाही. जोर लावते. गाठोडं येतं, पण गाठ सुटते, आणि शाळेचा निळा फ्रॉक अर्धा लोंबकळतो. शाळा आता आली, तीही एका कापडावरून. भिंतीवरच्या फोटोची गरज पडली नाही. त्याच वेळी बाप बारक्याला कडेवर घेऊन कोपऱ्यावरून येतोय. पहिल्या खेपेला प्रेक्षक हसला होता, या खेपेला त्याचा श्वास अडकतो. तेच काम दोनदा करायचं आणि दुसऱ्यांदा ते अवघड करायचं, म्हणजे गोष्ट पुढं गेल्यासारखी वाटते. तिसऱ्यांदा तसंच केलंत तर कंटाळा येईल.

मग ट्रॅक्टर सुरू होतो. माणसं चढतात. बाप ट्रॉलीत उभा राहून डोकी मोजतो, थांबतो, पुन्हा मोजतो. “रेखे!” हाक येते. तिचं नाव प्रेक्षकाला इथं पहिल्यांदा कळतं, आणि ते ती नाही म्हणून कळतं. आई खाली उतरते. “रेखे, ए रेखे!” आजी दारात तशीच बसलीय. शेवटची दहाएक सेकंदं अंधारात. कणगीच्या कुडातून उजेडाच्या चार रेघा, रेखा गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, मांडीवर गाठोडं. बाहेरून हाक जवळ येतेय. इथं फिल्मचं नाव येऊ दे.

आता बघा, किती गोष्टी आपण सांगितल्याच नाहीत. उचल किती घेतली, ती कशासाठी घेतली, गेल्या वर्षी काय झालं, रेखाचे मार्क किती, आजीला दिसतं का ऐकू येतं, गावाचं नाव काय. यातलं बरंचसं पुढं लागेल. उचल तर लागेलच, कारण ती समजल्याशिवाय बापाची अडचण पटणार नाही. पण ती पाचव्या मिनिटाला, बाप-लेकीच्या भांडणात यावी. तोवर प्रेक्षकाला रेखाची काळजी लागलेली असते, म्हणून बापाचं म्हणणं त्याला बोचतं. हेच पहिल्या मिनिटाला निवेदनात सांगितलं तर ती बातमी होते. गावाचं नाव दाखवायची हौस मी समजू शकतो, आपल्या गावाची पाटी पडद्यावर बघायला कुणाला आवडत नाही? ती जाणाऱ्या ट्रॉलीच्या मागं, शेवटी दाखवा.

शूटिंगच्या चार अडचणी आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर कागदावरचं कागदावर राहतं.

ट्रॅक्टरचं इंजिन चालू ठेवून संवाद घेऊ नका. मोबाईलच्या माईकला इंजिनच ऐकू येतं, माणूस येत नाही, आणि नंतर ॲपनं ते नीट वेगळं निघेलच असं नाही. ट्रॅक्टर बंद ठेवून संवाद घ्या. इंजिनचा आवाज एकदा बंद असताना सुरू करून, एकदा नुसता चालू ठेवून, एकदा जाताना, असा वेगळा दोन-दोन मिनिटं टिपून ठेवा आणि एडिटिंगला खाली लावा. संवाद टिपणारा दुसरा मोबाईल बोलणाऱ्याच्या जवळ, पोत्याच्या आड लपवून ठेवला तरी चालतो. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही फायली जुळवता येतात.

ट्रॉली भरत जाते, म्हणून शॉट भरण्याच्या क्रमानंच घ्या. आधी शेवटचा शॉट उरकू म्हणून भरलेली ट्रॉली घेतली आणि नंतर रिकामी केली, तर पेटी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे दिसणार. प्रत्येक शॉटनंतर सामानाचा एक फोटो काढून ठेवायचं काम एकाच माणसाकडे द्या.

मावळतीच्या सोनेरी उजेडाचा मोह टाळा. तो अर्धा तासही टिकत नाही आणि या दोन मिनिटांसाठी तुम्हाला दहा-बारा शॉट लागणार आहेत. दुपारी चारनंतर घराची सावली अंगणात पडते, त्या सावलीत काम करा. उजेड तास-दीड तास फारसा बदलत नाही. आणि हा प्रसंग पहिल्या दिवशी घेऊ नका. पहिल्या दिवशी सगळे कॅमेऱ्याला बुजलेले असतात, आणि तेच बुजलेले चेहरे प्रेक्षकाला सगळ्यांत आधी दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्या.

कणगीचं काम सांभाळून करा. पत्र्याच्या बंद कोठीत पोरीला कधीही बसवायचं नाही, एका शॉटसाठीसुद्धा नाही. जुनी कुडाची कणगी मिळाली तर वरचं तोंड उघडं ठेवून वरून शूट करा. नसेल तर तुराट्यांचा एक कूड कोपऱ्यात उभा करा आणि बाहेरून उजेड सोडा. पडद्यावर फरक कळत नाही.

हेच रंगमंचावर करणार असाल तर एक गोष्ट बदलावी लागेल. गावात पडदा उघडतो तेव्हा मागचे लोक अजून सतरंजी शोधत असतात, कुणीतरी माईक टेस्टिंग करत असतं आणि पाहुण्यांचा सत्कार नुकताच संपलेला असतो. पहिल्या अर्ध्या मिनिटातलं कुठलंही वाक्य ऐकू जाणार नाही हे धरूनच चला. म्हणून सुरुवात बोलण्यानं करू नका, बघण्यासारख्या कामानं करा. गाठोडं मोठं करा आणि लाल कापडाचं करा, म्हणजे शेवटच्या रांगेतून दिसेल. मुकादमाला मागं ढकला, त्याचं “अन् ही?” लोक शांत झाल्यावर येऊ दे. ट्रॉली आणायची गरज नाही. एक बाज आडवी टाकली आणि सगळ्यांनी तिला ट्रॉली मानलं की प्रेक्षकही मानतो. तमाशा बघितलेल्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही.

कुणी म्हणेल, म्हणजे सगळ्यांनी धावपळीनंच सुरुवात करायची का? तसं मुळीच नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) सुरू होतो तेव्हा एक म्हातारा मास्तर एका खोलीत पोरांची शिकवणी घेत असतो, मग तो घराबाहेर पडतो. कॅमेऱ्याला घाई नाही, कुणी ओरडत नाही. पण हा साधा दिसणारा माणूस चाललाय कुठं, हे बघत आपण त्याच्या मागं जातो, आणि तो मंचावर उभा राहून गायला लागतो तेव्हा त्याची दुसरी बाजू कळते. सावकाश सुरुवात करायची असेल तर ती करा, फक्त बघणाऱ्याच्या मनात एक प्रश्न जिवंत राहिला पाहिजे. कोंबडा आणि कळस दाखवल्यानं प्रश्न पडत नाही.

तुमची सुरुवात जमली की नाही हे कसं कळणार? आपल्या गावातल्या माणसाला दाखवून कळत नाही. त्याला रेखा करणारी पोर कुणाची आहे हे ठाऊक असतं, अंगण कुणाचं तेही ठाऊक असतं, आणि तो त्या आनंदात सगळं माफ करतो. गेवराईच्या बाजारातला कुणी, शेवगावकडचा एखादा पाहुणा, कॉलेजातला बाहेरगावचा मित्र, असे चार-पाच जण गाठा. आधी आवाज बंद करून दोन मिनिटं दाखवा आणि थांबवा. विचारा, हे कुणाचं आहे? तिला काय पाहिजे? आता काय होईल? आवाज नसताना तिघांनी तरी “त्या पोरीला जायचं नाही” असं म्हटलं, तर चित्रं बरोबर लागलीत. मग दुसऱ्या चार जणांना आवाजासकट दाखवा आणि त्यांचे चेहरे बघा, पडदा बघू नका. पहिल्यांदा हात खिशाकडे कधी जातो ते सेकंदासकट लिहून घ्या. दोघांचे हात एकाच जागी गेले तर तिथला शॉट कापा, तो कितीही कष्टानं घेतलेला असो. बघणारे “फोटोग्राफी भारी आहे” म्हणाले तर खूश होऊ नका. त्यांना गोष्ट सापडलेली नाही आणि ते तुमचं मन राखतायत.

ज्यांची फिल्म आधीच तयार आहे, त्यांनाही यात करण्यासारखं आहे. एडिटिंगच्या पट्टीवर जा आणि तुमच्या माणसाला पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटतं तो क्षण शोधा. बहुतेक वेळा तो दुसऱ्या आणि चौथ्या मिनिटाच्या मध्ये सापडतो. त्याच्या आधीचं सगळं वेगळ्या फायलीत हलवा आणि फिल्म तिथून सुरू करून बघा. काही कळत नाही असं वाटलं तर काढलेल्यातला जो एक शॉट परत आणल्याशिवाय अर्थच लागत नाही, तेवढाच परत आणा. निवेदन आधी बंद करा आणि मग ठरवा ते लागतं का. दोन मिनिटांच्या निवेदनात साधारण अडीचशे शब्द जातात, आणि त्यातले ज्यांच्याशिवाय अडेल असे दहासुद्धा सापडत नाहीत. ड्रोनचा शॉट महाग पडला असेल तर फेकू नका. ट्रॉली गावाबाहेर पडते तिथं तो लावून बघा, तिथं वरून बघायला काहीतरी असेल.